हिमोफिलिया ए (सिव्हिअर) : खालची दाढ काढायची आहे, सोलापुरात कसं जमवावं?

चाटीगल्लीकर
नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या धाकट्या भावाचा आहे. वय २७, वजन ६० किलो, हिमोफिलिया ए, सिव्हिअर. रक्त गोठवणारा फॅक्टर आठ नेमाने चालू नाही. गुडघा किंवा घोटा सुजला की सिव्हिलला जाऊन घेतो. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम बघतो.

डावीकडची खालची पहिली दाढ बऱ्याच वर्षांपासून किडली होती. ब्रश लागला की हिरडीतून रक्त येतं म्हणून तो त्या बाजूला ब्रश फिरवायचाच नाही. आता वरचा भाग तुटून नुसती मुळं राहिलीत, आणि हिरडीला फोड येऊन पू आला. एका दवाखान्यात आजाराचं नाव ऐकूनच म्हणाले, पुण्याला न्या. दुसरे म्हणाले, फॅक्टर देऊन आणा, काढून देतो. पण किती, किती वाजता, कुणी द्यायचा, हे विचारलं तर म्हणे तुमच्या डॉक्टरांना विचारा. सिव्हिलचे डॉक्टर म्हणतात दातवाल्यांची चिठ्ठी आणा, त्यात काय करणार ते लिहिलेलं हवं. आम्ही मधल्यामधे अडकलोय.

आईचं म्हणणं, राहू दे, आपोआप पडेल. पुण्याला जाणं खरंच गरजेचं आहे का? आणि चिठ्ठीत नेमकं काय लिहून घ्यायचं?

निवांत
ताई, एवढं घाबरू नका. मला स्टेंट आहे, रक्त पातळ व्हायच्या दोन गोळ्या चालू आहेत. मागच्या वर्षी दाढ काढली. मी पाच दिवस आधी गोळ्या बंद केल्या, एक थेंब जास्त आलं नाही. भावालाही काही दिवस गोळ्या बंद ठेवायला सांगा.

कडक_भाकरी
काका, त्याला गोळ्या नाहीत ओ. त्याच्या रक्तात गोठायचा एक घटकच नाही. बंद काय करणार?

मलाही ए-च आहे, वय ५४. आमच्या वेळी फॅक्टरची बाटली बघायला मिळत नव्हती. दाढ काढली तेव्हा दात्यांच्या रक्तातून काढलेल्या क्रायोच्या पिशव्या लावल्या, वरनं बर्फ, आणि तोंडात कापूस दाबून बसलो. तीन दिवस थांबलं, सगळे खूश. चौथ्या दिवशी रात्री झोपेत परत सुरू. सकाळी उठलो तर उशी लाल आणि तोंडात काळी जेलीसारखी गाठ, जिभेएवढी. आईनं म्हटलं हात लावू नको, ती गाठ आहे म्हणून रक्त थांबलंय. त्या गाठीखालनं दिवसभर झिरपत राहिलं की. हिमोग्लोबिन सातवर आलं.

म्हणून सांगतो, काढतानाचं रक्त कुणालाही दिसतं, त्याची तयारी सगळे करतात. नंतरच्या आठवड्याची तयारी कोण करतंय ते बघा. आणि पुण्याला जाऊ नका असं माझं मत. काढून परत येताना बसमध्ये इंदापूरला रक्त सुरू झालं तर काय करालाव?

सुळे_दाढा
मी तोंडाच्या शस्त्रक्रिया करणारा, सोलापुरातच. असे रुग्ण फार नसले तरी नेमाने येतात, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी निवांत काकांसाठी, कारण वाचणारे तसंच करतील. स्टेंटच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. साध्या दाढेसाठी त्या बहुतेक वेळा चालूच ठेवतात. दाढेचं रक्त दाबून थांबतं, स्टेंट बुजला तर दाबायला जागा नसते. तुमचा आणि या धाग्याचा विषय पूर्ण वेगळा आहे.

आता दाढेबद्दल. पहिला प्रश्न, काढायलाच हवी का? हिमोफिलियात दात वाचवता येत असेल तर रूट कॅनाल कधीही बरा. त्यात हाडाला जखम होत नाही, सुई मुळाच्या टोकाबाहेर नेली नाही तर रक्ताचा फारसा प्रश्नच येत नाही. पण नुसती मुळं उरली असतील, किडणं हाडाच्या पातळीखाली गेलं असेल, तर वाचवण्यासारखं काही नसतं. एक छोटा एक्स-रे काढला की ठरतं. 'आपोआप पडेल' यावर मात्र थांबू नका. पू आलेली जागा पुन्हा पुन्हा फुगते, सुजलेली हिरडी जास्त रक्त देते, आणि एखाद्या रात्री गाल सुजून आला तर तीच दाढ घाईत, तयारीविना काढावी लागते. अँटिबायोटिक देऊन सूज उतरू द्या आणि मग ठरवून काढा.

पुणे सक्तीचं नाही. फॅक्टर निकामी करणारा इनहिबिटर रक्तात नसेल तर एक दाढ इथे होते. अट एकच, जिथे फॅक्टर देणार तिथेच किंवा अगदी जवळ दाढ निघाली पाहिजे. सिव्हिलला दंत विभाग आहे, तिथेच जमलं तर उत्तम.

आता चिठ्ठी. तुमच्या डॉक्टरांना दात काय आहे यापेक्षा आम्ही किती जखम करणार हे कळायला हवं. म्हणून त्यात असावं : कोणता दात, एकच की जास्त, मुळं वेगळी करून काढणार का, हाड कापावं लागेल का, भूल कोणत्या पद्धतीने देणार, टाके घालणार का, आणि तारीख-वेळ. त्यांच्याकडून आम्हाला उलट हवं : फॅक्टरची पातळी किती टक्क्यांपर्यंत नेणार, डोस किती वाजता संपेल, इनहिबिटरची शेवटची तपासणी कधी झाली, रक्ताची गाठ टिकवणारं ट्रॅनेक्सामिक ॲसिड चालेल का, आणि रात्री रक्त आलं तर कुणाला फोन करायचा. ही दोन पानं एकमेकांना मिळाली की ढकलाढकली आपोआप थांबते.

चाटीगल्लीकर
फार आभार. भूल कोणत्या पद्धतीने हे लिहिण्याचं कारण काय? भूल तर भूल ना? मला वाटलं काढताना रक्त येतं, सुईने काय होणार.

सुळे_दाढा
ताई, या सगळ्या प्रकारात मला सर्वांत जास्त भीती त्या सुईचीच वाटते.

खालच्या दाढेसाठी आम्ही नेहमी जबड्याच्या मागच्या बाजूला खोल सुई देतो, त्याने अर्धा जबडा आणि ओठ बधिर होतो. ती सुई जिथे जाते तिथे सैल जागा आहे, आणि शेजारी रक्तवाहिन्या आहेत. साध्या माणसात वाहिनीला टोचली तर थोडं रक्त साचतं आणि थांबतं. फॅक्टर नसलेल्या माणसात ते साचत घशाकडे उतरू शकतं. बाहेर काही दिसत नाही, तोंडात रक्त येत नाही. तोंड उघडेना, गिळताना दुखू लागलं, आवाज बदलला, जिभेखाली फुगलं, मग श्वास. म्हणून फॅक्टरशिवाय ही सुई नाहीच.

वरच्या दातांना किंवा दाढेच्या शेजारी हिरडीत दिलेली सुई त्या मानाने पुष्कळ सुरक्षित. आर्टिकेन नावाचं औषध हाडातून चांगलं झिरपतं, त्यामुळे खालच्या पहिल्या दाढेला बाहेरच्या बाजूने ते आणि दात व हाडाच्या फटीत थोडं, एवढ्यावर बहुतेक वेळा काम होतं. मी फॅक्टर दिलेला असला तरी हीच पद्धत वापरतो. एका सहकाऱ्याचं मत वेगळं आहे. तो म्हणतो पातळी पन्नासवर असेल तर खोल सुई बिनधास्त द्या, नाहीतर रुग्ण दुखून उड्या मारतो आणि जखम वाढते. त्याचंही चुकीचं नाही. पण पातळी 'पन्नास असेल' हे आपण गणिताने म्हणतो, मोजून नाही.

मेडिकलवाला_७७
माझं जुळे सोलापूरला मेडिकल आहे. एवढा बाऊ करायची गरज नाही. बोट्रोक्लॉटचे थेंब येतात, दाढ काढली की खड्ड्यात कापूस भिजवून ठेवायचा, रक्त बंद. आणि एक महत्त्वाचं : फॅक्टर आणि ट्रॅनेक्सा एकत्र देऊ नका. दोन्ही रक्त गोठवतात, गुठळी होऊन पॅरालिसिस होईल. दुखलं तर कॉम्बिफ्लाम एखाद-दुसरी चालते, पोट भरलेलं असलं की झालं.

सुळे_दाढा
तीन मुद्दे आहेत. शेवटच्यापासून घेतो, तो सगळ्यांत घातक.

कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन आहे. ते प्लेटलेट्सचं काम मंदावतं. फॅक्टर आधीच नाही, त्यात प्लेटलेट्सही लंगड्या करायच्या? ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, यांतलं काही नको. पॅरासिटामॉल पुरतं. आणि दुखण्यासाठी कमरेला इंजेक्शन तर मुळीच नको, स्नायूत रक्त साचेल.

ट्रॅनेक्सामिक ॲसिड रक्त गोठवत नाही. तयार झालेली गाठ विरघळू देत नाही. तोंडात याला मोठं महत्त्व आहे, कारण लाळेतच गाठ विरघळवणारे घटक असतात. कडक भाकरींची चौथ्या रात्रीची गोष्ट तीच. गाठ झाली होती, लाळेने ती खाल्ली. हिमोफिलिया ए-मध्ये फॅक्टर आठसोबत ही गोळी देणं ही नेहमीची रीत आहे.

पण तुमचं म्हणणं पूर्ण हवेतलं नाही. हिमोफिलिया बी-मध्ये शुद्ध फॅक्टर नऊ मिळाला नाही म्हणून प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स देतात, तेव्हा त्याच्यासोबत ट्रॅनेक्सामिक टाळतात, तिथे गुठळीची भीती खरी आहे. तुम्ही बहुधा तेच कुठेतरी वाचलं असणार. शिवाय लघवीतून रक्त जात असेल तर ही गोळी नको, मूत्रमार्गात गाठ अडकते. किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. म्हणून डॉक्टरांना विचारून.

बोट्रोक्लॉटला माझा विरोध नाही, मीही कधी वापरतो. पण त्याच्या भरवशावर सिव्हिअर रुग्णाची दाढ काढणं म्हणजे धरणाला बोळा लावणं.

मेडिकलवाला_७७
प्रोथ्रॉम्बिनचं बरोबर, औषध कंपनीचा एमआर सांगून गेला होता त्यात तेच होतं. बाकी आमच्याकडे येणारे निम्मे लोक कॉम्बिफ्लामच मागतात, चिठ्ठी कोण दाखवतं.

रक्तपरीक्षक
मी लॅबमध्ये आहे, एकाच गोष्टीवर लिहितो. इनहिबिटर.

काही रुग्णांचं शरीर बाहेरून दिलेल्या फॅक्टरविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. मग तुम्ही दीड हजार युनिट द्या की तीन हजार, पातळी वर जातच नाही. हे बहुतेक लहानपणी, पहिल्या काही डोसांत होतं, पण नंतर कधीच होत नाही असं नाही. घरात ओळखायची खूण अशी : आधी एका डोसात गुडघा उतरायचा आणि आता दोन-तीन डोस घेऊनही उतरत नाही. असं असेल तर ताई, दाढेआधी आवर्जून सांगा.

तपासणी महागडी मशिनरी नसली तरी प्राथमिक होते. रुग्णाचा आणि निरोगी माणसाचा प्लाझ्मा मिसळून एपीटीटी, म्हणजे गोठायला लागणारा वेळ, बघतात, लगेच आणि दोन तास ३७ अंशांवर ठेवून. नुसती कमतरता असेल तर मिसळल्यावर वेळ सुधारते. इनहिबिटर असेल तर दोन तासांनी पुन्हा लांबते. संशय आला तर इनहिबिटर किती आहे ते मोजणारी बेथेस्डा चाचणी, ती आमच्याकडून पुण्याला पाठवतो.

आणि नमुन्याची काळजी. फॅक्टर आठ नाजूक असतो. नळी दुपारभर टेबलावर पडली तर पातळी खोटी कमी येते. लवकर प्लाझ्मा वेगळा करून गोठवून पाठवावा लागतो. सोलापूरच्या मे महिन्यात तर विचारूच नका.

चाटीगल्लीकर
त्याला एक-दोन डोसांत आराम पडतो. इनहिबिटर तपासून खूप वर्षं झाली, फाइलमध्ये जुना कागद आहे. उद्या सिव्हिलला विचारते.

रेवाची_आई
मध्येच विचारते, माफ करा. मुलाला (वय ६) मॉडरेट आहे. दुधाचा पुढचा दात हलतोय. मी स्वतः ओढू का, की त्यालाही फॅक्टर?

सुळे_दाढा
ओढू नका. मूळ झिजून आपोआप पडणाऱ्या दुधाच्या दाताला बहुतेक वेळा काही लागत नाही. गॉज दाबून बसवा, थंड पाणी किंवा आइस्क्रीम द्या. मात्र दात लटकत राहून रोज थोडं थोडं रक्त येत असेल तर त्याच्या डॉक्टरांना सांगून ट्रॅनेक्सामिक चालू करायचं आणि आम्ही तो काढतो. त्याहून मोठी धास्ती मुलं पडल्यावर वरच्या ओठाच्या आतली पट्टी फाटते त्याची. ते दिवसन् दिवस झिरपतं. वेगळा धागा काढा, तिथे लिहीन.

चाटीगल्लीकर
अपडेट. मिसळून केलेली तपासणी झाली, इनहिबिटर नाही. सिव्हिलच्या डॉक्टरांनी दंत विभागाशी स्वतः फोनवर बोलून तारीख ठरवली, मंगळवार सकाळ. त्यांनी लिहून दिलं ते असं : पातळी पन्नास टक्क्यांवर न्यायची, म्हणून १५०० युनिट फॅक्टर आठ, ५००च्या तीन बाटल्या. साडेआठला सुरू, नऊला संपवायचा, नऊ ते साडेनऊत दाढ. ट्रॅनेक्सामिक ५०० च्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, आदल्या रात्रीपासून सुरू, सात दिवस. शिवाय १००० युनिट राखून ठेवायला सांगितलंय, लागलं तर.

१५०० चा आकडा कुठून आला ते नाही विचारता आलं, बाहेर रांग होती. आणि भाऊ म्हणतो शनिवारी करू, रविवार सुट्टी मिळेल.

कडक_भाकरी
शनिवारी नको म्हणावं त्याला. रविवारी रक्त आलं तर कोण सापडतंय? नशीब गड्डा यात्रेचे दिवस नाहीत, नाहीतर सिव्हिलला पोचायलाच अर्धा दिवस. मंगळवारच बरोबर. सकाळीच. म्हणजे झिरपायचं असलं तर उजेडातच झिरपेल.

आकड्याचं मी सांगतो, मला पाठ आहे. फॅक्टर आठ एका किलोला एक युनिट दिला की पातळी दोन टक्के वाढते. त्याची स्वतःची जवळपास शून्य. पन्नास हवी, म्हणून किलोला २५. ६० किलो गुणिले २५ म्हणजे १५००. बी-वाल्यांचं वेगळं, त्यांना एका युनिटला साधारण एकच टक्का मिळतो, म्हणून दुप्पट लागतो.

सुळे_दाढा
बरोबर. आता त्याच हिशेबातला पुढचा भाग, जो सहसा कुणी रुग्णाला सांगत नाही. हा फॅक्टर साधारण ८ ते १२ तासांत निम्मा होतो. सकाळी नऊला पन्नास टक्के, रात्री नऊला पंचवीस किंवा त्याहून कमी, बुधवारी सकाळी बारा टक्के किंवा त्याहून कमी. गुरुवारी तो पुन्हा पूर्वीसारखा. आणि दाढेचा खड्डा वरून झाकायला आठवडा-दहा दिवस घेतो. म्हणजे फॅक्टर काढतानाचं आणि पहिल्या रात्रीचं बघतो, पुढे टाके, खड्ड्यात भरलेलं आणि ट्रॅनेक्सामिक. रक्त नाही म्हणून तिसऱ्या दिवशी गोळी बंद करू नका.

दुसरा डोस द्यावा की नाही यात डॉक्टरांत एकमत नाही. काही जण दुसऱ्या दिवशी सरसकट देतात. काही राखून ठेवतात. एका दाढेला, चांगले टाके असतील तर, मला राखून ठेवणं पटतं.

राखलेल्या बाटल्या घरी नेणार असाल तर २ ते ८ अंश. फ्रीजच्या दारात नको, बर्फाच्या खणात तर नकोच, गोठला की वाया. नेताना डब्यात बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून. आणि विरघळवताना बाटली हलवून फेस आणू नका, हातात गोल फिरवा.

चाटीगल्लीकर
मंगळवार झाला. दाढ निघाली. लिहून ठेवते म्हणजे पुढच्याला उपयोग होईल.

नऊला पाच मिनिटं कमी असताना फॅक्टर संपला. शेजारीच सुई दिली, खोल नाही. डॉक्टरांनी दोन मुळं वेगळी कापून एकेक काढली, म्हणाल्या हाडाला ताण नको. मग खड्ड्यातला सडका मऊ भाग खरवडून काढला. तेव्हा रक्त जास्त आलं, मी बाहेर काचेतून बघत होते, पोटात गोळाच आला. पण तो भाग ठेवला असता तर तोच रक्त देत राहिला असता असं त्या नंतर म्हणाल्या. खड्ड्यात पांढरी जाळी ठेवली, सैल. वर विरघळणारे दोन टाके. ट्रॅनेक्सामिकच्या इंजेक्शनमध्ये भिजवलेला गॉज दाबून अर्धा तास. मग जाऊ दिलं नाही, अजून दोन तास बसवलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, भुलेच्या औषधात रक्तवाहिन्या आकसवणारं औषध असतं. ते उतरलं की खरं कळतं. बाराच्या सुमारास थोडं झिरपलं, पुन्हा गॉज, थांबलं.

घरी चूळही लिहून दिली. ट्रॅनेक्सामिकचं ५ मिलिचं इंजेक्शन, त्यात ५ मिली पाणी, ते तोंडात दोन मिनिटं धरायचं आणि हळूच ओघळू द्यायचं, जोरात थुंकायचं नाही. दिवसातून चार वेळा. पहिल्या दिवशी चूळ अजिबात नाही. आई भाकरी दुधात कुस्करून देतेय.

सुळे_दाढा
उत्तम काम केलंय त्यांनी. जाळी सैल ठेवली हे विशेष आवडलं, ती कोंबली की खड्डा भरायला वेळ लागतो. तुमचं मिश्रण पाच टक्क्यांचं होतं, बरोबर आहे. उजव्या बाजूने ब्रश मात्र चालू ठेवा.

चाटीगल्लीकर
शनिवार, पहाटे. कुणी जागं आहे का? त्याच्या तोंडात काळसर जेलीसारखं काहीतरी लटकतंय आणि लाळ लाल येतेय. चादरीवर डाग आहेत. गिळायला त्रास नाही, आवाज नेहमीसारखा. सिव्हिलच्या डॉक्टरांना फोन लावला, लागत नाहीये.

कडक_भाकरी
जागा आहे. तीच गाठ आहे ती. तिला जपू नका! स्वच्छ गॉज बोटाला गुंडाळून ती पूर्ण पुसून काढा, सगळी. मग गॉजची जाड घडी ट्रॅनेक्सामिकमध्ये भिजवून, पिळून, बरोबर खड्ड्यावर ठेवा आणि दातांनी घट्ट चावायला सांगा. घड्याळ लावा, २० मिनिटं. मधे उघडून बघायचं नाही. डोकं उंच, बसवूनच ठेवा.

चाटीगल्लीकर
काढली. घाबरत काढली. आता चावून बसलाय.

कडक_भाकरी
लाळ लाल बघून घाबरू नका, थोडं रक्त लाळेत मिसळून पेलाभर दिसतं. गॉज काढल्यावर खड्डा बघा. ताजं लाल भरून येत असेल तर थांबू नका, राखलेल्या बाटल्या घेऊन कॅज्युअल्टीला जा. तिथे आधी फॅक्टर, मग तपासणी, असं ठाम सांगा. आणि आवाज जड झाला किंवा जिभेखाली फुगलं तर २० मिनिटंसुद्धा बघू नका, निघा.

चाटीगल्लीकर
खूप कमी झालंय पण कडेने अजून पाझरतं. निघतोय.

…

दुपार. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना आधी फॅक्टर द्या हे पटवायला वेळ गेला, ते आधी रक्ताचे रिपोर्ट म्हणत होते. चिठ्ठी दाखवली तेव्हा दिला, १००० युनिट. दंत विभागातल्या डॉक्टर आल्या. एक टाका सुटला होता. जुनं धुवून काढलं, पुन्हा जाळी आणि टाका. आता कोरडं आहे. हिमोग्लोबिन १२.१, म्हणजे फार गेलं नाही. ट्रॅनेक्सामिक सातऐवजी दहा दिवस करायला सांगितलं.

सुळे_दाढा
पाचव्या दिवशीचं हे रक्त अगदी ठराविक वेळेला आलं. १००० युनिटने त्याची पातळी तेहतीसच्या आसपास गेली असेल, टाक्यापुरती पुरेशी. टाका का सुटला हे सांगता येणार नाही. विरघळणारा धागा कधी लवकर सैल होतो. म्हणून काही जण रेशमी टाके घालतात, पण मग ते काढताना पुन्हा बारीकशी जखम. माझं स्वतःचं मत अजून विरघळणाऱ्याकडेच आहे.

एक करा. ती चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून त्याच्या पाकिटात ठेवा. निदान, वजन, इनहिबिटर नाही हे तारखेसह, आणि 'रक्तस्राव असल्यास तपासण्यांची वाट न पाहता फॅक्टर द्यावा' असं डॉक्टरांच्या सहीने.

रेवाची_आई
माझ्या पुतण्याला एमिसिझुमॅब चालू आहे, महिन्यातून एकदा पोटाला टोचतात. त्याचा एपीटीटी एकदम नॉर्मल येतो. मग त्याला दाढेसाठी फॅक्टर लागणारच नाही ना?

रक्तपरीक्षक
त्या एपीटीटीवर जाऊ नका. हे औषध शरीरात फॅक्टर आठचं काम करतं आणि आमची चाचणी त्याने फसते, नॉर्मल किंवा त्याहून आखूड वेळ दाखवते. त्याच्या रक्ताची खरी ताकद त्यातून कळत नाही. नेहमीची फॅक्टर आठची चाचणीही तशीच खोटी वर येते, आणि इनहिबिटरची चाचणीसुद्धा नेहमीच्या पद्धतीने चुकते. लॅबला औषधाचं नाव आधी सांगा.

सुळे_दाढा
फॅक्टर लागेल की नाही, यावर मी ठाम बोलणार नाही. एमिसिझुमॅबवरच्या रुग्णांच्या साध्या दाढा नुसत्या ट्रॅनेक्सामिकवर, जादा फॅक्टरशिवाय निघाल्या आहेत, आणि काहींना नंतर रक्त येऊन फॅक्टर द्यावाही लागला आहे. मी त्याच्या रक्तविकार तज्ज्ञांना लिहून विचारेन आणि एक डोस हाताशी ठेवूनच खुर्चीत बसवेन. त्याला इनहिबिटर आहे का? असेल तर सांगा, मग फॅक्टर आठ वगळून रक्त गोठवणारं बायपास औषध कोणतं आणि किती हा प्रश्न फार जपून सोडवावा लागतो.

रेवाची_आई
आहे असं वाटतं. दीराला विचारून सांगते.

चाटीगल्लीकर
भाऊ आज कामावर गेला. दंत विभागात म्हणाल्या, उजवीकडच्या दोन दाढांना किडायला सुरुवात आहे, त्या आत्ताच भरून घ्या, त्याला सुईही लागणार नाही कदाचित. आणि हिरड्यांजवळ दातांवर साचलेला दगड साफ करायचाय. त्यासाठी फॅक्टर लागतो का? सिव्हिलचे डॉक्टर म्हणाले द्यावा, दंत विभाग म्हणतो नुसती ट्रॅनेक्सामिकची चूळ पुरेल.

सुळे_दाढा
हिरडीच्या वरवरचा दगड असेल तर चूळ आणि गोळ्यांवर करतात, एका बैठकीत तोंडाचा एकच भाग, सुजलेली हिरडी उतरली की पुढचा. हिरडीखाली खोल जायचं असेल तर फॅक्टर. त्याचा दगड कुठे आहे हे मी इथून सांगू शकत नाही. दोघांना पुन्हा एकदा फोनवर एकत्र आणा.

मेडिकलवाला_७७
चुळीसाठी ट्रॅनेक्साची इंजेक्शनं लागली तर सांगा, दुकानात आहेत. कॉम्बिफ्लाम मागितलीत तर देणार नाही.